ब्रोकोली चिरा, आणि मग जरा थांबा

ब्रोकोलीवरच्या बहुतेक लेखांत एक वाक्य हमखास असतं: ‘ब्रोकोलीत सल्फोराफेन नावाचं कर्करोगाशी लढणारं द्रव्य असतं.’ या वाक्याचा पहिला भागच नीट तपासून घ्यायला हवा. बाजारातून आणलेल्या ताज्या, अखंड गड्ड्यात सल्फोराफेन जवळजवळ नसतंच. असतो तो त्याचा कच्चा माल. सल्फोराफेन तयार होतं ते सुरी लागल्यावर, किंवा दातांखाली तुरा चिरडल्यावर. म्हणजे ते शेतात नव्हे, आपल्या ओट्यावर बनतं. आणि ओट्यावर आपण काय करतो, किती वेळ करतो, यावर ते बनेल की नाही हे ठरतं. एकाच गड्ड्याची एकीने केलेली भाजी सल्फोराफेनने भरलेली असू शकते आणि दुसरीने केलेल्या भाजीत त्याचा मागमूसही नसू शकतो. चव, रंग, तिखटमीठ सगळं सारखं असूनही.

हे द्रव्य प्रकाशात आलं ते १९९२ साली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तालालाय आणि त्यांचे सहकारी वेगवेगळ्या भाज्यांचे अर्क पेशींवर टाकून पाहत होते. आपल्या पेशींमध्ये घातक रसायनांना निष्प्रभ करून बाहेर काढणारी काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स असतात. कोणती भाजी त्या विकरांना जास्त कामाला लावते, हा त्यांचा प्रश्न होता. ब्रोकोलीचा अर्क त्यात उठून दिसला, आणि त्यातून त्यांनी जे द्रव्य वेगळं काढलं ते सल्फोराफेन. पुढे १९९७ मध्ये याच गटाने दाखवून दिलं की तीन दिवसांच्या कोवळ्या ब्रोकोलीच्या मोडांमध्ये मोठ्या गड्ड्याच्या १० ते १०० पट जास्त कच्चा माल असतो. तेव्हापासून यावर जगभर काम झालं आहे. पण स्वयंपाकघराच्या दृष्टीने महत्त्वाचं काम नंतरचं आहे: हे द्रव्य बनतं कसं, आणि चुलीवर त्याचं काय होतं.

ज्या घरात मोहरी फेसली जाते त्या घराला ही गोष्ट मुळात नवी नाही. मोहरीचा कोरडा दाणा हातात घेऊन हुंगला तर वास येत नाही. तोच दाणा वाटून, त्यात थंड पाणी घालून फेसला की काही क्षणांत नाकात झिणझिण्या येतात, डोळ्यांतून पाणी येतं. मोहरी ‘चढते’ असं आपण म्हणतो. उलट, तापलेल्या तेलात फोडणीला टाकलेली मोहरी तडतडते, खमंग होते, पण चढत नाही. कारण असं की दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या जागी कोंडलेले असतात. एक गंधकयुक्त, निरुपद्रवी कच्चा माल, आणि दुसरं त्याला फोडणारं विकर. त्या विकराचं नाव मायरोसिनेज. दाणा फुटला, पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि झणझणीत तेल तयार होतं. कढत तेलात मात्र विकरच आधी मरतं, मग पुढचं काही घडत नाही.

ब्रोकोली मोहरीच्याच कुळातली. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा ही सगळी तिची भावंडं, आणि सगळ्यांकडे हीच यंत्रणा असते. ब्रोकोलीतल्या कच्च्या मालाचं नाव ग्लुकोराफॅनिन. मायरोसिनेजने ते फोडलं की साखरेचा एक रेणू सुटा होतो आणि उरलेल्या भागातून सल्फोराफेन बनतं. वनस्पतीने हे हत्यार आपल्यासाठी राखून ठेवलेलं नाही. अळीने पान कुरतडलं की तिच्या तोंडात तिखट रसायन तयार व्हावं यासाठी ते आहे. आपल्याकडच्या कोबी-फ्लॉवरच्या शेतकऱ्यांना हैराण करणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मात्र त्यातूनही सुटला आहे. त्याच्या अळीच्या पोटात असं विकर असतं की जे मायरोसिनेज पोहोचायच्या आत कच्चा मालच निकामी करून टाकतं.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे: चिरा, विकर आणि कच्चा माल एकत्र येऊ द्या, सल्फोराफेन मिळेल. पण आता त्यात एक तिसरं पात्र येतं, आणि ते समजल्याशिवाय वाफवण्याच्या वेळेचं कोडं सुटत नाही.

मायरोसिनेजने ग्लुकोराफॅनिन फोडल्यावर क्षणभर एक अस्थिर तुकडा तयार होतो. त्याला दोन वाटा असतात. एका वाटेने तो सल्फोराफेन होतो. दुसऱ्या वाटेने त्याचं नायट्राइल नावाचं संयुग बनतं, ज्याचा शरीराला सल्फोराफेनसारखा उपयोग नाही. दुसऱ्या वाटेकडे ढकलणारं एक प्रथिन ब्रोकोलीतच असतं. त्याचं नाव लांबलचक आहे, एपिथिओस्पेसिफायर प्रथिन. आपण त्याला आडकाठी घालणारं प्रथिन म्हणू. पूर्ण कच्ची ब्रोकोली वाटली तर या प्रथिनामुळे मालाचा मोठा हिस्सा नायट्राइलकडे वळतो. म्हणून ‘कच्ची खाल्ली की सगळं मिळतं’ हा समज अर्धाच खरा आहे.

सुदैवाची गोष्ट ही की आडकाठी घालणारं प्रथिन उष्णतेला विकरापेक्षा जास्त नाजूक आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एलिझाबेथ जेफरी यांच्या गटाने २००४ साली हे स्पष्ट दाखवलं. ब्रोकोलीचे तुरे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मग वाटले तेव्हा नायट्राइल घटलं आणि सल्फोराफेन वाढलं. आडकाठी मोडली होती, विकर मात्र अजून जिवंत होतं. तापमान ७० अंश आणि त्यापुढे नेलं तेव्हा तुऱ्यांत दोन्ही पदार्थ घटले, कारण आता विकरच निकामी व्हायला लागलं होतं. ६० आणि ७० यांमध्ये फक्त दहा अंश. वाफवण्याची सगळी कसरत या दहा अंशांच्या फटीत चालते.

घरी तुऱ्याच्या आतलं तापमान कोणी मोजत बसत नाही. आपल्या हातात असतो तो वेळ. याच गटाने पुढे २०१२ साली वेळेच्या हिशेबानेही प्रयोग केले. वाफेवर १ ते ३ मिनिटं ठेवलेल्या ब्रोकोलीतून सल्फोराफेन चांगलं मिळालं. वाफवणं साधारण पाच मिनिटांपर्यंत गेलं तरी विकर टिकून राहतं, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये मात्र एका मिनिटाच्या आतबाहेरच बहुतेक विकर गेलं होतं. हे पहिल्यांदा वाचताना आश्चर्य वाटतं, कारण वाफही शंभर अंशांचीच असते. फरक पडतो तो उष्णता आत शिरण्याच्या वेगाने. उकळत्या पाण्यात बुडालेला तुरा सगळ्या बाजूंनी एकदम तापतो. मायक्रोवेव्हमध्ये तर उष्णता तुऱ्याच्या आतच तयार होते. वाफेवर चाळणीत पसरलेले तुरे मात्र बाहेरून आत सावकाश तापत जातात, आणि म्हणूनच आपल्याला दोन-तीन मिनिटांची मोकळीक मिळते.

उकळण्याचा आणखी एक तोटा आहे. ग्लुकोराफॅनिन पाण्यात विरघळतं. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली ब्रोकोली ३० मिनिटं उकळली, तेव्हा या जातीच्या एकूण द्रव्यांपैकी ७७ टक्के भाजीतून निघून गेलं. २० मिनिटं वाफवूनही भाजीतलं प्रमाण लक्षणीय घटलं नव्हतं. पण इथे घोटाळा करून घेऊ नये. वीस मिनिटं वाफवल्यावर जे टिकतं तो नुसता कच्चा माल. त्याला फोडणारं विकर तोवर कधीच संपलेलं असतं. अशी भाजी प्रयोगशाळेच्या मोजणीत ‘भरपूर ग्लुकोराफॅनिन’ दाखवेल, पण ताटात सल्फोराफेन देणार नाही.

मग विकर मेलेल्या भाजीचा कच्चा माल पूर्ण वाया जातो का? नाही. आपल्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपैकी काहींना तो फोडता येतो. पण त्यांचं काम संथ आणि बेभरवशाचं असतं. नेदरलँड्समध्ये २००८ साली झालेल्या एका अभ्यासात पुरुषांना २०० ग्रॅम ब्रोकोली एकदा कच्ची आणि एकदा शिजवलेली खायला दिली आणि नंतर लघवीत काय उतरतं ते मोजलं. कच्च्या ब्रोकोलीतून सुमारे ३७ टक्के माल सल्फोराफेन होऊन शरीरात पोहोचला होता, शिजवलेल्यातून ३.४ टक्के. रक्तातलं प्रमाण कच्च्याने दीड-दोन तासांत शिखर गाठलं. शिजवलेल्याला सहा तास लागले, कारण अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचेपर्यंत काही घडतच नव्हतं. प्रतिजैविकांचा कोर्स चालू असलेल्या माणसाचा तर हा आधारही जातो, कारण ते जिवाणूच घटलेले असतात.

आता ‘चिरा आणि थांबा’ या युक्तीकडे येऊ. तिच्यामागचा विचार असा: चुलीवर विकर मरणारच असेल, तर त्याला आधीच काम करू द्यावं. सल्फोराफेन एकदा तयार झालं की थोडा वेळ शिजवण्याला ते विकरापेक्षा बरंच जास्त टिकतं. फार वेळ उकळलं तर तेही नष्ट होतं, पण परतणं किंवा थोडं शिजवणं ते सोसतं.

चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या संशोधकांनी २०१८ साली हे तपासलं. त्यांच्याकडे ब्रोकोली मोठ्या आचेवर पटकन परतून खातात, म्हणून त्यांनी तीच पद्धत निवडली. ब्रोकोली सुमारे २ मिलिमीटरचे बारीक तुकडे होतील इतकी चिरली. एक वाटा लगेच परतला, दुसरा दीड तास तसाच ठेवून मग परतला. थांबवलेल्या वाट्यात सल्फोराफेन २.८ पट निघालं.

या प्रयोगातले दोन आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला दीड तासाचा. समाजमाध्यमांवर ‘चाळीस मिनिटं थांबा’ असा सल्ला फिरतो, पण ती काही निसर्गाने ठरवलेली वेळ नव्हे. सुरीने फुटलेल्या पेशींत क्रिया लगेच सुरू होते आणि पुढे चालू राहते. अर्धा-पाऊण तास ही स्वयंपाकात जमण्यासारखी, बऱ्यापैकी फायदा देणारी वेळ, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. दुसरा आकडा २ मिलिमीटरचा, आणि माझ्या मते तो वेळेपेक्षाही महत्त्वाचा आहे. सुरी फिरते तिथल्याच पेशी फुटतात. मोठे मोठे तुरे करून तासभर ठेवले तर तुऱ्याच्या आतल्या पेशी शाबूतच राहतात, त्यांत काहीच घडत नाही. थांबण्याचा फायदा हवा असेल तर ब्रोकोली कोशिंबिरीच्या कोबीसारखी बारीक चिरायला हवी. अर्धा तास थांबलेले अख्खे तुरे आणि न थांबलेले अख्खे तुरे यांत फारसा फरक नाही.

याला दुसरी मर्यादाही आहे. बारीक चिरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवू नये. वॉरिकच्या त्याच अभ्यासात बारीक किसलेल्या भाज्यांमधला हा कच्चा माल सहा तासांत ७५ टक्क्यांपर्यंत घटला होता. तयार झालेली द्रव्यं उडून जाणारी, इतर घटकांशी जोडली जाणारी असतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. चिरलेली भाजी तासाभराच्या आत चुलीवर जावी, हे बरं.

आणि ती आडकाठी? चिरून थांबताना ब्रोकोली कच्चीच असते, म्हणजे आडकाठी घालणारं प्रथिनही जागं असतं आणि काही माल नायट्राइलमध्ये जातोच. हलकं वाफवून मग चिरली किंवा चावून खाल्ली तर ही गळती कमी होते. तेव्हा ‘आधी चिरावी की आधी वाफवावी’ याचं एकच उत्तर नाही. भाजी किती शिजणार आहे यावर ते ठरतं. पाच मिनिटांच्या आत वाफवून, करकरीत खायची असेल तर थांबायची गरज नाही. विकर वाफेतून जिवंत बाहेर येतं आणि उरलेलं काम आपले दात करतात. परतून, झाकण ठेवून, नीट शिजवून खायची असेल तर विकर वाचणारच नाही. तिथे बारीक चिरून थांबणं हाच उपाय.

हे एका गड्ड्यावर करून पाहू. समजा पाव किलोच्या आसपासचा ताजा गड्डा आणला आहे. आपल्याकडे पहिलं काम असतं अळ्या काढण्याचं, आणि पहिली चूक तिथेच होते. फ्लॉवरसारखी ब्रोकोलीही बरेच जण हळद-मीठ घातलेल्या कढत पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवतात. विकर तिथेच संपतं. मग पुढे चिरून कितीही थांबलं तरी व्यर्थ. त्यामुळे अखंड गड्डा गार मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उलटा बुडवून ठेवावा, हलवून काढावा आणि नळाखाली धुवावा. अळ्या गार पाण्यातही बाहेर येतात. हे सगळं चिरण्याआधी करायचं, कारण चिरल्यानंतर धुतलं तर फुटलेल्या पेशींतला माल पाण्याबरोबर मोरीत जातो. धुतल्यावर पाणी नीट निथळू द्यावं.

वाफवायची असेल तर अंगठ्याच्या पेराएवढे सारख्या आकाराचे तुरे सोडवून घ्यावेत. आकार सारखा नसेल तर बारीक तुरे गळून जातात आणि मोठे आतून गारच राहतात. दांडा टाकू नये, वरची जाड साल काढून त्याचे पातळ काप करावेत. मोदकपात्रात किंवा खोल पातेल्यावर चाळणी ठेवून, खाली पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी. वाफ जोरात यायला लागल्यावरच तुरे ठेवावेत, एका थरात, एकमेकांवर न रचता. झाकण घातल्यापासून वेळ मोजायला सुरुवात करायची. गार पाण्यावर चाळणी ठेवून गॅस पेटवला तर वेळेचा हिशेबच लागत नाही, कारण पहिली काही मिनिटं पाणी तापण्यातच जातात.

दीड-दोन मिनिटांत रंग बदलतो. मळकट हिरवा तुरा एकदम लखलखीत, पोपटीकडे झुकणारा हिरवा होतो, कारण पेशींमधली हवा बाहेर पडते आणि हरितद्रव्य उघडं दिसतं. तीन मिनिटांनी एक तुरा काढून देठात सुरीचं टोक टोचून पाहावं. ते थोडा विरोध होऊन आत गेलं पाहिजे. एवढ्यावर गॅस बंद करावा. तुरे लगेच ताटात पसरावेत. झाकण ठेवून वाफ जिरू देण्याची आपली सवय इथे मोडावी लागते, कारण बंद भांड्यात तुरे आपल्याच उष्णतेने आणखी शिजत राहतात आणि ७० अंशांची रेघ ओलांडून जातात. सहा-सात मिनिटांनंतर रंग पुन्हा उतरू लागतो आणि शेवटी शेवाळी होतो. देठ दाबला की पिचतो, कोबी शिजल्याचा उग्र वास येतो. हिरव्याचा शेवाळी होणं म्हणजे हरितद्रव्य बिघडलं, आणि त्याच्या कितीतरी आधी विकर गेलं, ही घरात दिसणारी सगळ्यांत भरवशाची खूण आहे. पोपटी रंगावर थांबलात तर बहुधा वेळेत थांबलात.

भाजीच करायची असेल तर तोच गड्डा कोबीसारखा बारीक चिरून, ताटात पसरून, वर झाकण टाकून अर्धा-पाऊण तास ओट्यावर ठेवावा. फ्रीजमध्ये नको, थंडीत विकराचं काम मंदावतं. तेवढ्या वेळात कणीक मळून होते, कुकर लागतो. मग मोहरी-जिऱ्याची फोडणी, लसूण, हिरवी मिरची, आणि भाजी पाच-सहा मिनिटं परतून उतरवायची. शिट्ट्या देऊन कुकरमध्ये शिजवलेल्या ब्रोकोलीबद्दल मात्र काही चांगलं सांगता येत नाही, आधी थांबला असलात तरी.

सूप करणाऱ्यांना दोन्ही युक्त्या एकत्र जुळवता येतात. तुरे तीन मिनिटं वाफवायचे, कोमट होऊ द्यायचे, थोड्या कोमट पाण्यात मिक्सरमधून बारीक वाटायचे आणि वाटण दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. आडकाठी वाफेत मोडलेली, विकर जिवंत, आणि मिक्सरमुळे जवळजवळ सगळ्या पेशी फुटलेल्या. त्यानंतर सूप गरम करताना एक उकळी आली तरी बिघडत नाही.

फ्रोझन ब्रोकोलीचा प्रश्न वेगळा आहे. गोठवण्याआधी कारखान्यात तिला गरम पाणी किंवा वाफ देतात, रंग आणि चव महिनोन्‌महिने टिकावी म्हणून. त्यातच मायरोसिनेज जातं. इलिनॉयच्या गटाने २०१३ मध्ये दुकानातली फ्रोझन ब्रोकोली तपासली तेव्हा तिच्यात सल्फोराफेन बनवण्याची क्षमता उरलेलीच नव्हती. अशी ब्रोकोली बारीक चिरून थांबण्यात काही अर्थ नाही. विकरच बाहेरून आणावं लागतं. त्यांनी ते मुळ्याच्या वाळवलेल्या पुडीतून आणून दाखवलं, ब्रोकोलीच्या अगदी पाव टक्का पूड घालून.

आणि इथे आपल्या डब्यातली मोहरी कामी येते. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली एकदा नुसती आणि एकदा १ ग्रॅम तपकिरी मोहरीची पूड घालून दिली. पूड घातलेल्या वेळी शरीरात पोहोचलेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त होतं. मोहरीतल्या कच्च्या मालातून सल्फोराफेन बनत नाही, पण तिचं मायरोसिनेज ब्रोकोलीचा ग्लुकोराफॅनिन तितक्याच सहज फोडतं. तपकिरी मोहरी म्हणजे आपली रोजची मोहरीच. अट एकच, ती फोडणीत गेलेली नसावी. कच्ची मोहरी कोरडीच वाटून घ्यावी. भाजी शिजवून गॅसवरून उतरवावी, जिभेला सोसेल इतकी निवू द्यावी, आणि मग दोन माणसांच्या भाजीला अर्धा लहान चमचा पूड कालवून दहा मिनिटं ठेवावी. भाजी अगदी कोरडी असेल तर पाण्याचा हबका मारावा, कारण पाण्याशिवाय ही क्रिया होत नाही. चव किंचित झणझणीत होते, दही घातलं तर तिची छान कोशिंबीर होते. मोहरी चढली आहे हे नाकाला कळलं की विकर जिवंत आहे याची खात्रीही आपोआप होते. आदल्या दिवशी जास्त शिजलेल्या ब्रोकोलीलाही हाच उपाय लागू पडतो.

हे सगळं केल्यावर मिळतं काय, याबद्दल मोजूनमापून बोललं पाहिजे. सल्फोराफेन पेशींमधला संरक्षक विकरांचा कारखाना जागा करतं, हे भक्कमपणे सिद्ध झालेलं आहे. चीनमधल्या चिदोंग भागात, जिथे हवा बरीच प्रदूषित आहे, २९१ लोकांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय देऊन पाहिलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेन्झीन हे घातक द्रव्य ६१ टक्के जास्त बाहेर पडलं. ही मोठी गोष्ट आहे. पण ब्रोकोली खाल्ल्याने कर्करोग टळतो किंवा बरा होतो, असं यातून निघत नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नये. शिवाय त्या पेयात जितकं द्रव्य होतं तितकं आपल्या ताटातल्या भाजीतून रोज मिळेलच असंही नाही. ब्रोकोलीच्या जातीजातींमध्ये ग्लुकोराफॅनिनचं प्रमाण कित्येक पटींनी बदलतं आणि बाजारात गड्डा पाहून ते ओळखू येत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर ब्रोकोली अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण तिच्यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या आड येतं.

शेवटी कॅप्सूलबद्दल. ब्रोकोलीच्या अर्काच्या महागड्या बाटल्या आता औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन सर्रास मिळतात. घेण्याआधी त्यावरची बारीक अक्षरं वाचा. घटकांत नुसतं ग्लुकोराफॅनिन असेल आणि मायरोसिनेजचा उल्लेख नसेल, तर तुम्ही विकर मेलेल्या, उकळलेल्या ब्रोकोलीचीच किंमत मोजता आहात. त्या पैशांत ताजा गड्डा आणा आणि चाळणीवर तीन मिनिटं वाफवा.